सहा क्विंटल सोयाबीन एका रात्रीत कमी कसं झालं?

दिवाळीच्या चार दिवस आधी माझ्या चुलतभावाच्या सोयाबीनची मळणी झाली. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, जमीन मध्यम काळी, विहिरीला पाणी नाही, सगळी मदार पावसावर. त्यात ऑगस्टात पावसानं तीन आठवडे दडी मारली होती. तरी पाच एकरांत पन्नास कट्टे भरले आणि काट्यावर तीस क्विंटल उतरले. म्हणजे एकरी सहा. गावात बऱ्याच जणांना चार-साडेचारच्या वर उतारा नव्हता. संध्याकाळी पानठेल्यावर तो चारचौघांत म्हणाला, "या साली सोयाबीननं लाज राखली भाऊ." त्या रात्री त्यानं मजुरांचे आणि मळणीवाल्याचे पैसे देऊन टाकले आणि निवांत खाटेवर आडवा झाला.

सकाळी मी गेलो तर चेहरा उतरलेला. वहिनी म्हणाली, रात्री दीडपर्यंत फोन पाहत होते, आता चहाही नको म्हणतात. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "आपल्याले शेतीच जमत नाही गड्या. लोकं तेरा-चौदा काढून राहिले, अन् आपण सहावर खुश होऊन राहिलो."

कट्टे ओसरीत होते तसेच होते. एक दाणा कमी झाला नव्हता, बाजारभाव पडला नव्हता, कुणी काही टाकून बोललं नव्हतं. संध्याकाळी आठ वाजता जो माणूस स्वतःला बरा शेतकरी समजत होता, तोच रात्री दीड वाजता स्वतःला नालायक समजायला लागला होता. मधल्या वेळात त्यानं फक्त अंगठा वरखाली केला होता. हे कसं होतं ते नीट उलगडून सांगावं असं तेव्हापासून मनात होतं, कारण हे एकट्या त्याचं नाही.

काटा वजन सांगतो, चांगलं की वाईट ते सांगत नाही

सोयाबीन किती झालं हे काटा सांगतो. पण सहा क्विंटल म्हणजे चांगलं की वाईट? त्याला काटा नाही. मग आपण काय करतो? शेजारच्याला किती झालं ते विचारतो.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली हीच साधी गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. त्याचं म्हणणं असं की आपण कुठं उभे आहोत हे जाणून घ्यायची माणसाला ओढच असते. जिथं पट्टी, तराजू, घड्याळ चालत नाही, तिथं तो दुसऱ्या माणसाचीच पट्टी करतो. याला त्यानं सामाजिक तुलना म्हटलं. त्यातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. माणूस कुणाशीही तुलना करत नाही, आपल्यासारख्याशी करतो. माझ्या भावाला अंबानींच्या घराचं काही वाटत नाही. पण धुऱ्याला धुरा लागून असलेल्या वावरात आठ क्विंटल झालं तर त्याला झोप लागत नाही.

आणि यात गैर काहीच नाही. जमीन तीच, पाऊस तोच, पेरणी त्याच आठवड्यातली. तरी शेजाऱ्याला दोन क्विंटल जास्त झालं तर त्यात काहीतरी शिकण्यासारखं असतं. त्याचं बियाणं वेगळं असेल, खोडमाशीसाठी त्याची फवारणी वेळेवर झाली असेल. आपल्याकडे कोणतं वाण चालतं आणि कोणतं नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या अशा धुऱ्यावरच्या तुलनेतूनच ठरत आलं.

पण ही पट्टी रबराची आहे, हे विसरून चालत नाही. १९७० मध्ये मोर्स आणि गर्गेन या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. अर्धवेळ नोकरीसाठी आलेल्या तरुणांना एकेक करून खोलीत बसवलं आणि स्वतःबद्दलच्या प्रश्नांचा एक फॉर्म भरायला दिला. अर्ध्यात दुसरा उमेदवार आत येऊन बसायचा. खरं तर तो प्रयोगवाल्यांचाच माणूस. कधी तो झकपक कपड्यांत, हातात बॅग घेऊन, आत्मविश्वासानं यायचा. कधी मळक्या कपड्यांत, गोंधळलेला. बोलणं काहीच नाही. त्यानंतर तरुणानं उरलेला फॉर्म भरायचा. समोर झकपक माणूस बसला की स्वतःबद्दलचं मत घसरायचं, मळका बसला की वर जायचं. तरुण तोच होता, बदलली होती ती फक्त समोरची खुर्ची.

माझ्या भावाच्या खाटेसमोर त्या रात्री अशी शे-दीडशे माणसं येऊन बसून गेली होती, एकाहून एक झकपक.

पोत्याच्या तोंडाशी ठेवलेले दाणे

बाजार समितीत अडत्या पोतं उघडून वरचे दाणे पाहत नाही. तो सळई पोत्याच्या मधोमध खुपसतो आणि आतला माल बाहेर काढतो. कारण वर टपोरे दाणे ठेवायचे आणि तळाशी बारीक, मातीमिश्रित घालायचं, हा प्रकार त्याला ठाऊक असतो. फोनमधल्या जगाचं पोतं मात्र आपण नेहमी तोंडापासूनच पाहतो, तळाशी सळई पोचतच नाही. गंमत म्हणजे हे पोतं असं भरायला कुणी लबाडी करावी लागत नाही. ते कसं, ते आकड्यांनीच पाहू. आकडे समजण्यापुरतेच धरले आहेत.

समजा आमच्या गावात सोयाबीनवाले चाळीस जण आहेत. कुणाला दोन क्विंटल झालं, कुणाला आठ, बहुतेकांना चार-पाच. सहावाला माझा भाऊ या चाळिसांत नववा-दहावा येईल. म्हणजे वरच्या चौथाईत. आता अशी दहा हजार सोयाबीनवाल्यांची वस्ती धरा. त्यात चाळीसात एखाद्याला, कुठल्या ना कुठल्या एका एकरात, दहाच्या वर उतारा आला असेल. म्हणजे अडीचशे माणसं. व्हिडिओ कोण काढणार? साडेचारवाला गंजीपुढं उभा राहून "राम राम मंडळी" म्हणत नाही. व्हिडिओ हे अडीचशेच काढतात, त्यातलेही सगळे नाहीत. पण दीडशे खरे व्हिडिओ आठवडाभर रोज रात्री फोन भरून ठेवायला पुरेसे आहेत. उरलेले नऊ हजार साडेसातशे लोक फोनमध्ये नाहीतच. ते आपापल्या ओसरीत बसून हेच व्हिडिओ पाहत आहेत.

ही झाली पहिली चाळणी. दुसरी त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात आहे. तेरा क्विंटल खरं आहे, पण ते बहुधा त्याच्या सर्वात चांगल्या एकराचं आहे, विहिरीजवळच्या, गेल्या साली शेणखत पडलेल्या. समजा त्याचेही पाच एकर आहेत आणि बाकीच्या चारांत त्यालाही सहा-सहाच झालं. तर एकूण झाले सदतीस क्विंटल, एकरी साडेसातच्या जरा आत. माझा भाऊ रात्रभर ज्या सात क्विंटलच्या फरकानं तळमळला, तो खरा फरक दीड क्विंटलचाही नव्हता. आणि त्या एका एकरासाठी किती खर्च झाला, तुषार संचाच्या किती पाळ्या दिल्या, ते तर अजून विचारलंच नाही.

तिसरी चाळणी कंपनीची. कोणता व्हिडिओ किती लोकांपुढं न्यायचा हे ॲप ठरवतं, आणि ते ठरतं लोक कशावर थांबतात त्यावरून. चौदा क्विंटलवर अंगठा थांबतो, पाचवर थांबत नाही. शिवाय तुम्ही तीन पाहिले की चौथा तसाच येतो. एकाच माणसाचा चौदाचा व्हिडिओ पाच वेगवेगळ्या लोकांनी पुढं ढकलला तर तो पाचदा दिसतो, आणि मनात मात्र पाच शेतकरी मोजले जातात. त्यातले काही व्हिडिओ शेतकऱ्यांचे नसतातच. शेवटी एखाद्या टॉनिकचा फोन नंबर आला की समजावं, हे पीक विकायला आलं नाही, बाटली विकायला आली आहे.

आता या तीन चाळण्यांतून गाळून जे उरलं, त्याची सरासरी माझ्या भावाच्या मनानं काढली. मुद्दाम बसून नाही, आपोआप. ती निघाली बारा-तेरा. राज्यात सर्वसाधारण वर्षी सोयाबीनचा उतारा एकरी पाच क्विंटलच्या आसपास फिरतो, हे बाजूलाच राहिलं. गावात जो वरच्या चौथाईत होता, तो फोनमध्ये शेवटच्या नंबरावर जाऊन बसला.

"तुलना तर गावातही होतीच"

होती. फोननं तुलना जन्माला घातली असं म्हणणं खोटं ठरेल. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिकिटाचा नंबर म्हणजे घराचा पोस्टकोड. एखाद्या गल्लीचा कोड लागला की तिथल्या तिकीटवाल्या घरांना पैसे आणि एक नवी गाडी मिळते. २०११ साली अर्थशास्त्रज्ञांनी या गल्ल्यांचा अभ्यास छापला. ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, त्या शेजाऱ्यांनीही लॉटरीनंतर नेहमीपेक्षा जास्त गाड्या घेतल्या होत्या. इथं फोनचा काही संबंध नव्हता, दारात उभी गाडी दिसली एवढंच. आपल्याकडे एका घरी लग्नात डीजे आला की पुढच्या लग्नाला तो का लागतो, आणि त्यासाठी कर्ज का निघतं, याचं उत्तर यातच आहे.

तरी गावातल्या तुलनेत एक गोष्ट होती जी फोनमध्ये नाही. वावर लपत नाही. बस थांब्यावरून घरी येताना उजव्या हाताला कुणाचं पिवळं पडलेलं सोयाबीन दिसतं, कुणाची पऱ्हाटी बोंडअळीनं गेलेली दिसते. ज्याचं पीक बुडालं तो पानठेल्यावर येत नसेल, पण त्याचं वावर रस्त्यावरच असतं. आणि ज्याला आठ क्विंटल झालं त्याचं बाकीचंही ठाऊक असतं. त्याची आई नागपूरला दवाखान्यात आहे, त्याच्या पोराचं लग्न जुळत नाही, सोसायटीचं कर्ज थकलं आहे. तुलना होते ती अख्ख्या माणसाशी. त्याचे आठ क्विंटल पाहून जळफळाट झाला तरी दोन मिनिटांनी त्याचं बाकीचं आठवतं आणि मन जाग्यावर येतं.

फोनमध्ये माणूस येत नाही, त्याचा आकडा येतो. २०११ मध्येच अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासाचं नेमकं हेच म्हणणं होतं. सोबतच्या मुलांना किती वेळा वाईट दिवस येतात याचा अंदाज विद्यार्थ्यांनी सतत कमी लावला. कारण माणूस रडतो ते दार लावून आणि हसतो ते चारचौघांत. दुसऱ्याचं आपण चारचौघांतलं पाहतो, स्वतःचं मात्र दाराआडचंही माहीत असतं. हे फक्त पिकाचं नाही. वहिनीचा फोन पाहिला तर त्यात उताऱ्याऐवजी स्वयंपाकघरं आणि लेकीबाळींचे वाढदिवस आहेत. चाळणी तीच आहे.

"निवडून टाकतात हे मले समजते ना"

मी हे सगळं सांगितल्यावर भाऊ हेच म्हणाला. "मले काय समजत नाही का? चांगलं तेच टाकतात लोकं." खरं आहे, त्याला समजत होतं. मग तरी वाईट का वाटलं?

याचं उत्तर मला १९९५ च्या एका प्रयोगात सापडलं. डॅनियल गिल्बर्ट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी लोकांना एका परीक्षेत कुणीतरी फार चांगलं किंवा फार वाईट करताना दाखवलं, आणि ही तुलना तुम्हाला लागू होत नाही, समोरच्याला हे आधीच शिकवून ठेवलं आहे, हेही सांगितलं. मग त्या लोकांनी तीच परीक्षा स्वतः द्यायची आणि आपण कसे आहोत ते सांगायचं. ज्यांचं डोकं मोकळं होतं, त्यांनी ती तुलना बाजूला ठेवली. पण काहींना त्याच वेळी एक लांबलचक आकडा तोंडपाठ ठेवायला लावला होता. त्यांना ती बाजूला ठेवता आली नाही. लागू नाही हे माहीत असूनही त्यांचं स्वतःबद्दलचं मत हललं.

म्हणजे मनात कामं दोन होतात. तुलना पहिली, आपोआप, फुकट. ती खोडून काढणं दुसरं, आणि त्याला मेहनत लागते. डोकं दमलेलं किंवा गुंतलेलं असलं की पहिलं काम होतं आणि दुसरं राहून जातं.

आता रात्री साडेअकराचं चित्र डोळ्यांपुढं आणा. दिवसभर मळणीचा भुसा नाकातोंडात गेला आहे. डोळे जड आहेत, पण झोप लागत नाही. पंधरा सेकंदांत एक व्हिडिओ संपतो. त्यात माणूस म्हणतो, एकरी चौदा. हे खोडायचं तर जमीन कोणती, पाणी किती, एकर किती, वाण कोणतं, खर्च किती, एवढं तरी विचारावं लागेल. यातला पहिला प्रश्न मनात यायच्या आत दुसरा व्हिडिओ सुरू होतो. असे शंभर पाहिले तर शंभर तुलना जमा होतात, खोडलेली एकही नाही. समजणं आणि वेळेवर समजणं यात हा फरक आहे. माझा भाऊ भोळा नाही, त्या वेळी दमलेला होता.

"पण पाहूनच तर माणूस शिकतो"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. आमच्या गावातल्या दोघांनी सरीवर टोकण करायला सुरुवात केली ती व्हिडिओ पाहूनच, आणि त्यांचं बियाणं वाचलं. मग तोच व्हिडिओ एकाला उभारी देतो आणि दुसऱ्याला पाडतो, असं का?

कॅनडात पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये यावर काम केलं. हिशेबशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी त्याच शाखेतल्या शेवटच्या वर्षाच्या एका हुशार विद्यार्थ्याची कहाणी वाचायला दिली. पहिल्या वर्षाची मुलं ती वाचून फुलली, आपणही असं करू शकतो असं त्यांना वाटलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तसं काही झालं नाही. त्यांच्यासाठी वेळ निघून गेलेली होती. दुसऱ्याचं यश हाताच्या टप्प्यात असेल तर ते ओढून घेतं, टप्प्याबाहेर असेल तर ते फक्त आपलं उणेपण दाखवतं.

शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं तर चौदा क्विंटलचा व्हिडिओ मे महिन्यात पाहिला तर तो धडा आहे. बियाणं घ्यायचं आहे, पेरणी व्हायची आहे, दोन ओळींतलं अंतर बदलता येतं, बीजप्रक्रिया करता येते. तोच व्हिडिओ मळणीच्या रात्री पाहिला तर तो निकाल आहे. तेव्हा बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं, फक्त स्वतःला गुण द्यायचे उरतात. आणि मे महिन्यातही तो धडा कुणासाठी? ज्याच्याकडे विहिरीला पाणी आणि दिवसा वीज आहे त्याच्यासाठी तो टप्प्यात आहे. कोरडवाहूवाल्याला ऑगस्टच्या उघडिपीत तुषार संचाची पाळी देता येत नाही, मग त्यानं कितीही उमेद धरली तरी तो टप्पा त्याच्या हाताला लागत नाही. त्याच्या पट्टीला त्याच्यासारखाच कोरडवाहूवाला हवा, आणि तसा माणूस फोनमध्ये सहसा भेटत नाही.

म्हणून कोणता व्हिडिओ शिकवतो आणि कोणता नुसता खुपतो, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. पाहून झाल्यावर मनात प्रश्न आला, "त्यानं दोन ओळींत किती अंतर ठेवलं?", तर ते शिकणं. मनात उत्तर आलं, "आपल्याले जमत नाही", तर ती नुसती तुलना.

नुकसान किती, आणि कुणाचं

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी घातली, तेव्हापासून आपल्याकडेही हा विषय पोराबाळांचा म्हणूनच बोलला जातो. माझा भाऊ पंचेचाळिशीचा आहे. तुलनेला वयाची अट नसते. पण नुकसान फुगवून सांगणंही मला पटत नाही, कारण अभ्यास दोन्ही बाजूंनी बोलतात.

फेसबुक २००४ ते २००६ या काळात अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्यानं पोचलं. त्याचा फायदा घेऊन संशोधकांनी आधी पोचलेल्या आणि नंतर पोचलेल्या कॉलेजांची तुलना केली, आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापला की फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य घसरलं. त्याचं एक मोठं कारण त्यांना दिसलं ते दुसऱ्यांशी होणारी तुलना. दुसरीकडे २०१८ च्या शरद ऋतूत काही अमेरिकी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं, तर त्यांना बरं वाटलं, पण ते बरं वाटणं लहान होतं. २०१९ मध्ये लाखो किशोरांची माहिती एकत्र करून पाहणाऱ्यांनाही स्क्रीन आणि मनःस्थिती यांतलं नातं फारच बारीक आढळलं. मला यातून समजतं ते असं की सरासरी माणसावर परिणाम थोडा असतो, पण सरासरीच्या आत काही माणसं अशी असतात ज्यांना तो खूप जाणवतो, आणि काहींना जाणवतच नाही.

विदर्भात हा विषय लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगणं मला भाग आहे. आमच्याकडच्या शेतकरी आत्महत्यांचं खापर फोनवर फोडू नये. ते प्रश्न फोन यायच्या आधीपासूनचे आहेत. कर्ज, नापिकी, भाव, पाणी, यांची जागा तुलनेनं घेत नाही. कुणी घरात गुमसुम बसला असेल, झोप-जेवण सुटलं असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर त्याला रीलचं कारण सांगत बसू नये. त्याच्याजवळ बसावं आणि त्याला डॉक्टरकडे न्यावं. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस, फुकट चालते.

खरी अडचण आणि तुलनेचं दुखणं वेगळं कसं करावं? मी भावाला एवढंच विचारलं, "हे फोन पाहायच्या आधी दुखत होतं का?" बँकेचं कर्ज फोन पाहायच्या आधीही दुखत होतं, ते खरं. सहा क्विंटल संध्याकाळी दुखत नव्हतं.

काकांची वही

तुलना बंद कर असं मी त्याला म्हणालो नाही, कारण ती बंद होत नाही. पट्टी बदलता येते. माझे काका, म्हणजे त्याचे वडील, एका जाड वहीत दरवर्षीचा उतारा लिहून ठेवायचे. लाल पुठ्ठा, कडेला तेलाचा डाग, आत पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. ती वही आम्ही त्या सकाळी कपाटातून काढली.

एका पानावर होतं, पाच एकर, तेवीस क्विंटल, खाली "शेवटी पाऊस जास्त, शेंगा फुटल्या". दुसऱ्यावर एकोणतीस. मग एक साल फक्त चौदा, आणि त्यापुढं काहीच लिहिलं नव्हतं. एका साली चौतीस होते. त्या पानावर काकांनी बियाण्याचं नाव आणि पेरणीची तारीख दोनदा अधोरेखित केली होती. हीच जमीन, हाच पाऊस, हाच धुरा. याहून जास्त आपल्यासारखा माणूस कुठला सापडणार?

भावानं पाच-सहा पानं उलटली, मग चौतीसच्या पानावर परत आला. पेरणीची तारीख पाहून म्हणाला, "यानं आपल्यापेक्षा आठ दिवस आधी पेरलं होतं." काका गेल्याला सहा वर्षं झाली, पण तो असं बोलला जणू ते शेजारच्या वावरात उभे आहेत.

वहिनीनं चहा आणला. त्यानं पेन मागितला आणि नवीन पानावर लिहिलं, पाच एकर, तीस क्विंटल, ऑगस्टात तीन आठवडे पाऊस नाही. मग थोडा थांबून खाली वाणाचं नाव आणि पेरणीची तारीख लिहिली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.